रुपयात किती आणे

माणदेशात पिकाची भाषा आण्यांची आहे. पावसाळा सरत आला की महसूल खात्याची माणसं शिवारात उतरतात आणि उभ्या पिकावर नजर टाकून पैसेवारी लावतात. आधी नजरअंदाज, मग सुधारित, आणि पीक हाती आल्यावर अंतिम. आकडा पन्नास पैशांच्या आत आला की गाव टंचाईत धरलं जातं. सरकारी कागदावर पैसे आले, तरी म्हातारी माणसं अजून आणेवारीच म्हणतात. कुणी "यंदा सहा आणे" म्हणालं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर अख्खं रान उभं राहतं. कणसं धरलीत पण दाणा बारका, कडबा बरा, खालच्या पट्टीत ओल आहे, वरची करपली. आकडा एवढासा, पण तो तोंडातून निघण्याआधी माणूस बांधाबांधानं फिरून आलेला असतो.

याच भागात मी समुपदेशनाचं काम करते. तालुक्याच्या गावात, एस.टी. स्टँडच्या मागे, एका दवाखान्याच्या माडीवर माझी खोली आहे. खिडकीतून गाड्या लागताना दिसतात. माझ्याकडे येणारी माणसं सकाळच्या गाडीनं येतात आणि दुपारच्या गाडीनं परत जातात. त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते, गुरांची सोय दुसऱ्या कुणावर टाकावी लागते, आणि "कुठं गेलतास?" या प्रश्नाला एक उत्तर तयार ठेवावं लागतं. दर आठवड्याला या, वर्षभर या, असं त्यांना मी कोणत्या तोंडानं सांगणार? काहीजण एकदाच येतात. त्या एका तासात जे होईल ते होईल. थोडक्यात काम करणारी एक उपचारपद्धती मी शिकले ती या गाड्यांच्या वेळापत्रकामुळे, असं म्हटलं तरी चालेल.

ही पद्धती अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातली. स्टीव्ह डी शेझर आणि इन्सू किम बर्ग या नवराबायकोनं 1978 मध्ये तिथं एक छोटं केंद्र काढलं. तो तरुणपणी सॅक्सोफोन वाजवणारा, अबोल, मोजकं लिहिणारा. ती कोरियात जन्मलेली, औषधशास्त्र शिकायला अमेरिकेत आलेली आणि नंतर समाजकार्याकडे वळलेली. एकतर्फी आरशाच्या पलीकडे त्यांचे सहकारी बसत आणि अलीकडे चाललेला संवाद तासन् तास बघत. माणसाची अडचण कुठून आली हे शोधण्यासाठी सगळेच बघतात. ही मंडळी हळूहळू दुसरंच काही बघू लागली. बोलण्याच्या कोणत्या वळणावर माणूस ताठ बसतो, कोणत्या प्रश्नानंतर त्याच्या बोलण्यात "एकदा मात्र असं झालं होतं" असं येतं, याची ते नोंद ठेवू लागले. त्यातून डी शेझरनं एक धाडसाचं विधान केलं: उत्तराचा अडचणीशी थेट संबंध असायलाच हवा असं नाही. कुलूप किती गुंतागुंतीचं आहे याचा पुरता अभ्यास न करताही, बऱ्याच कुलपांना लागणारी एखादी साधी चावी दार उघडू शकते. 1985 मध्ये आलेल्या त्याच्या पुस्तकाच्या नावातही चाव्याच आहेत.

त्यातली सगळ्यात प्रसिद्ध चावी सापडली ती एका बाईच्या थकलेल्या वाक्यात. आजच्या बोलण्यातून काय व्हायला हवं, असं इन्सूनं तिला विचारलं होतं. बाईच्या डोक्यावर अडचणींचा डोंगर होता. आता काही चमत्कार झाला तरच, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली. दुसरं कुणी असतं तर "असं म्हणू नका" म्हणून समजूत घातली असती. इन्सूनं ते वाक्य तसंच उचललं आणि तिलाच परत दिलं: समजा, झाला चमत्कार, तर? आणि ती बाई सांगू लागली. मला या प्रसंगात इन्सूची हुशारी भावत नाही. तिनं त्या बाईचं वाक्य खाली पडू दिलं नाही, ते भावतं.

हा प्रश्न मराठीत आणताना मी बरीच ठेचकाळले. "चमत्कार" हा शब्द आपल्याकडे रिकामा नाही. त्याच्यामागे चालणारी भिंत आहे, रेड्याच्या तोंडचे वेद आहेत, आणि त्याच शब्दामागे गंडेदोरे, अंगारे आणि लुबाडलेली माणसंही आहेत. सुरुवातीला एका गृहस्थांना मी शब्दशः विचारलं, "रात्री चमत्कार झाला तर?" त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवर कुणा महाराजांचा फोटो आहे का ते पाहिलं, आणि "आमचा त्यावर विश्वास नाही" म्हणून गप्प झाले. एका आजींनी हात जोडले. दोघांच्याही बाबतीत पुढचा अर्धा तास वाया गेला. आता मी तो शब्दच वापरत नाही. रात्रीतून असं काही घडलं, कसं घडलं ते आपल्याला ठाऊक नाही, एवढंच म्हणते. प्रश्नाचं बळ त्या शब्दात नव्हतंच. ते पुढच्या सकाळीत आहे.

दुसरा अडथळा आकड्यांचा. या पद्धतीत शून्य ते दहा अशी एक पट्टी असते. शून्य म्हणजे परिस्थिती सगळ्यात वाईट होती तो काळ, दहा म्हणजे ती न कळत सगळं मिटलेली सकाळ. आज तुम्ही कुठं आहात? इंग्रजीत हे सोपं वाटतं. आमच्याकडे "दहापैकी किती?" म्हटलं की माणूस शाळेच्या बाकावर जाऊन बसतो. पस्तीस टक्क्यांची रेषा आपल्या हाडात आहे. "तीन" म्हणताना माणसाची मान खाली जाते, कारण तीन म्हणजे नापास. मग मी कितीही मायेनं पुढचं विचारलं तरी तो गुणपत्रिकेवर सही घ्यायला आलेल्या मुलासारखा उत्तरं देतो. ही पट्टी मराठी माणसाला लागू पडत नाही, असंच मी काही दिवस धरून चालले होते. माझी चूक आबांनी सुधारली.

आबा म्हणजे छप्पन वर्षांचे एक डाळिंबवाले शेतकरी. त्यांची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत, बोलणं मात्र त्यांचंच आहे. चार महिने झोप नव्हती. खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि वर माझ्याकडे पाठवलं होतं. बागेवर तेल्या आलेला, आणि त्यातून मुलाशी वाद. मुलाचं म्हणणं बाग काढू, दोन एकर विकू. आबा म्हणाले, माझ्या जिवंतपणी नाही. त्या दिवसापासून एका घरात राहून दोघांचं बोलणं बंद. आबांनी बागेत जाणंही सोडलं होतं. "बाग बघितली की पोरगं आठवतं, अन् पोरगं बघितलं की बाग," असं ते म्हणाले.

काही विचारण्याआधी मी ते विचारलं जे या भागात कुणालाही विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही: जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का? स्पष्ट शब्दांत, डोळ्यांत बघून. फवारणीच्या औषधाचा डबा कुठं असतो, तेही. आबांनी जरा वेळ माझ्याकडे पाहिलं. "न्हाई म्याडम. तसलं न्हाई. पण सकाळ झाली की वाटतं, कशाला झाली." मी त्यावर आणखी थोडं बोलले आणि खात्री करून घेतली. उत्तर वेगळं असतं तर पुढचं सगळं बाजूला ठेवून मी डॉक्टरांना वर बोलावलं असतं आणि घरच्यांना फोन केला असता. थोडक्यातली पद्धत म्हणून ही पायरी थोडक्यात उरकता येत नाही.

मग मी म्हटलं, "आबा, एक जरा वेगळा प्रश्न विचारू? थोडा विचार करावा लागेल." ही परवानगी मागणं हाही प्रश्नाचाच भाग आहे. त्यांनी मान हलवली.

"आज तुम्ही इथून दुपारच्या गाडीनं घरी जाल. म्हशीची धार काढाल. वैरण टाकाल. जेवाल. रात्र होईल, घरातली सगळी झोपतील, तुमचाही डोळा लागेल." इथं थांबायचं. घाई केली की हा प्रश्न मरतो. "आणि तुम्ही झोपेत असताना असं काहीतरी घडतं की ज्या घोरामुळं तुम्ही आज इथं आलात, तो मिटून जातो. कसा, ते कुणालाच ठाऊक नाही. तुम्ही तर झोपेत, त्यामुळं तुम्हालाही काही कळलेलं नाही. मग सकाळी उठल्यावर पहिल्यांदा कशावरून तुमच्या ध्यानात येईल, की काहीतरी बदललंय?"

आबा गप्प. खाली एक गाडी मागे घेत होती, कंडक्टरची शिट्टी ऐकू येत होती. "काय सांगावं," ते म्हणाले. नव्यानं शिकणारे इथंच घसरतात. शांतता सोसवत नाही, म्हणून प्रश्न समजावून सांगायला लागतात किंवा दुसरा विचारतात. पण "काय सांगावं" हे बहुतेक वेळा उत्तर नसतंच, माणूस उत्तराच्या शोधात घरात फिरत असतो. मी थांबले.

"तेल्या गेलेला असंल."

हेही ठरलेलं. पहिलं उत्तर बरेचदा आपल्या हाती नसलेल्या गोष्टीचं असतं. त्याला "ते कसं शक्य आहे?" म्हणून उडवायचं नाही, आणि त्यातच अडकूनही राहायचं नाही. "बरं, गेला. मग तुम्ही काय कराल, जे हल्ली करत नाही?"

"झोपून ऱ्हाणार न्हाई."

"त्याऐवजी?"

या पद्धतीतला एकच शब्द कुणाला द्यायचा असेल तर मी हा देईन: त्याऐवजी. माणसं जे नको ते सांगतात. चिडणार नाही, रडणार नाही, पडून राहणार नाही. नसण्याचं चित्र काढता येत नाही, आणि जे दिसत नाही त्याच्याकडे चालतही जाता येत नाही. "त्याऐवजी" म्हटलं की हळूहळू हातपाय दिसू लागतात.

"त्याऐवजी... दात घासत बागंकडं जाईन. चूळ भरायला तिथल्या नळावर. पयलं तसंच जायचो."

"आणि घरात हे सगळ्यात आधी कुणाच्या ध्यानात येईल?"

"बायकोच्या. ती म्हणंल, आज चा न मागता गेलं."

"मग ती काय करेल?"

"चा घिऊन येईल बांधावर." आबा जरासं हसले. "दोन कप आणंल. पोरगं तिथंच असतं सकाळी."

दुसऱ्या कपाबद्दल मी काहीही विचारलं नव्हतं.

इथं एका गोष्टीचा मोह होतो: या सुंदर सकाळीवरून थेट उपदेशाकडे उडी मारण्याचा. मग उद्या करा ना असंच! पण ते चित्र म्हणजे अजून लांबच्या डोंगरावरचं देऊळ असतं. वाट खाली, माणसाच्या अंगणातूनच सुरू झालेली असते, आणि ती बरेचदा त्याच्या ध्यानात आलेली नसते. म्हणून पुढचा प्रश्न मागे वळून विचारायचा. "आबा, गेल्या महिन्या-पंधरा दिवसांत, पुरती नाही पण थोडीफार अशी, एखादी सकाळ गेली का?"

"कुठली हो." मग बराच वेळ गेला. "एक झालती. ठिबकची नळी फुटली. पानी सगळं वाटंवर. म्या पळालो. पोरगं पण आलं. त्यानं नळी धरली, म्या जोडणी बसवली."

"बोललात?"

"बोललो म्हंजे... 'नीट धर' म्हणलो. 'धरलीय' म्हणलं."

मिलवॉकीच्या त्या आरशामागच्या मंडळींनी अशा प्रसंगांना अपवाद म्हटलं. अडचण यायला हवी होती आणि आली नाही, असा क्षण. ते इतके किरकोळ असतात की सांगणाऱ्याला ते सांगण्याजोगे वाटत नाहीत. चार महिन्यांच्या अबोल्यात तीन शब्द. पण हे शब्द मी आबांना सुचवले नव्हते. ते त्यांच्याच रानात पडलेले होते.

यानंतर मी सवयीनं आकड्याकडे वळले. शून्य ते दहा समजावून सांगू लागले, तर आबांनी मला मध्येच थांबवलं. "म्हंजे आणेवारी लावायची का?"

मी म्हटलं, "हो. आणेवारीच लावायची."

त्यांनी डोळे मिटले. एखादा जाणता माणूस बांधावर उभा राहून रान बघतो, तसे ते स्वतःकडे बघत होते. "पाच आणे," म्हणाले. मान खाली गेली नाही. पाच आण्यांचं पीक म्हणजे कमी पीक. त्यात लाज कसली?

आकड्यानंतरचा प्रश्न हाच या पट्टीचा सगळा जीव आहे, आणि तो बहुतेकजण उलटा विचारतात. सोळाला अकरा का कमी पडले, असं विचारलं की माणूस परत तेल्या, कर्ज, वाद यांची यादी काढतो. विचारायचं असतं ते खालून: "पाच कशामुळं? दोनच का नाही?" आबांना हा प्रश्न अगदी सहज कळला. दुष्काळातही काही ना काही हाती लागतं आणि ते मोजायचं असतं, हे त्यांना नवं नव्हतं. त्यांनी बोटावर मोजलं. म्हशीची धार एक दिवस चुकवली नाही. नळी फुटली तर पळालो. आज आपल्या पायानं गाडीत बसून इथं आलो. बायकोला फटकन बोललो नाही, "लई दिवस झालं."

"आणि सहा आणे झाले, तर कशावरून ओळखाल?"

इथं उडी लहान हवी. पाचावरून थेट बारा विचारलं तर माणूस पुन्हा स्वप्नात जातो. एका आण्याचं अंतर कुणालाही चालता येतं. आबा म्हणाले, "पोराला ईचारीन, बहार कुठला धरायचा. मृग का हस्त. विकायचं राहू दे, धरायचा कुठला, एवढंच." डाळिंबाला कोणत्या हंगामाचा बहार धरायचा हे वर्षाच्या शेतीचं मोठं ठरवणं असतं, आणि आबांच्या घरात ते आजवर एकट्या आबांनीच ठरवलं होतं. तो प्रश्न मुलाला विचारणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांना कळत होतं.

मिलवॉकीत शेवटी थोडा वेळ संवाद थांबवत. समुपदेशक आरशामागे जाऊन सहकाऱ्यांशी बोलून येई. माझ्याकडे आरसाही नाही आणि सहकारीही नाहीत. मी गॅलरीत जाऊन पाणी पिते आणि काय ऐकलं ते मनात लावते. परत येऊन आबांना मी जे खरोखर दिसलं होतं तेवढंच सांगितलं: चार महिने झोप नसताना एकदाही धार न चुकवणारा माणूस मी रोज बघत नाही. आणि एक काम दिलं. काही बदलायचं नाही. फक्त लक्ष ठेवायचं: पुढच्या भेटीपर्यंत घरात, रानात असं काय काय घडतं, जे असंच चालू राहावं असं तुम्हाला वाटतं. हे काम मिलवॉकीच्याच मंडळींनी घडवलेलं आहे. ते साधं दिसतं, पण पंधरा दिवस माणूस तेल्याऐवजी दुसरं काहीतरी शोधत हिंडतो.

आबा तीनदा आले, साधारण सात आठवड्यांत. दुसऱ्या भेटीत मी "कसं आहे?" असं विचारलं नाही, "काय बरं झालं?" असं विचारलं. आधी म्हणाले, काही नाही. मग म्हणाले, दोनदा पहाटेपर्यंत झोप लागली. बहाराचं अजून विचारलं नाही, पण मुलानंच येऊन छाटणीचं विचारलं. सात आणे. तिसऱ्या भेटीत दहा म्हणाले, आणि जरा थांबून अकरा. मी विचारलं, किती झाले की इथं यायचं थांबवलं तरी चालेल? ते म्हणाले, "सोळा आणे कुणाला पिकतंय, म्याडम. अकरा लई झालं." जमिनीचा वाद मिटला नव्हता. तेल्याही होताच. गोळ्या डॉक्टर हळूहळू कमी करत होते. आबांनी पुढची वेळ घेतली नाही, मीही दिली नाही. ही पद्धत थोडक्यातली आहे ती यासाठी: भेटी किती हे आधी ठरत नाही, लागतील तेवढ्याच होतात, एकही जास्त नाही. आणि पुरे कधी झालं हे माणूस ठरवतो.

आबांना ही रीत लागू पडली, कारण तीन गोष्टी तिथं होत्या. त्यांना काहीतरी हवं होतं, नुसतं नको नव्हतं. त्यांच्या आयुष्यात ते हवं असलेलं, तुकड्यातुकड्यानं का होईना, अजून घडत होतं. आणि सहावा आणा मिळवणं त्यांच्या हातात होतं.

ही शेवटची गोष्ट मी एकदा एका बाईंच्या बाबतीत तपासली नाही. सकाळचं चित्र विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हात उचलला नाही तर कळेल." त्या सकाळी बदलायचं होतं ते सगळं दुसऱ्या माणसाला. मी "तुम्ही काय वेगळं कराल?" असं पुढे विचारत राहिले असते, तर मार खाणाऱ्या बाईवरच मार थांबवण्याचं ओझं टाकलं असतं. ते वाक्य कानावर पडलं आणि मी प्रश्न बाजूला ठेवले. त्या रात्री त्या कुठं झोपणार, मुलं कुठं, कुणाला फोन करायचा, यावर बोललो. आणेवारी तिथं लावायची नसते. आग लागलेल्या रानाची कुणी आणेवारी लावत नाही.

आकडा फसवतो कधी, तेही आता मला ओळखू येतं. माणसं भली असतात. समोरची बाई इतकी धडपड करते आहे तर तिला बरं वाटावं, म्हणून ती आकडा वाढवून सांगतात. चार, सहा, आठ. म्हणून आकडा वाढला की मी लगेच चित्र मागते: आठ म्हणजे काल सकाळी काय झालं? चित्र आलं नाही, नुसतं "बरंय आता" आलं, तर तो आकडा माझ्यासाठी पिकवलेला असतो. आणि माणसाची उत्तरं आखूड होत गेली, खुर्चीत तो मागे सरकला, तर मी त्याला उत्तराकडे ढकलते आहे हे माझ्या ध्यानात यायला हवं.

किती वेळ पुरतो, याबद्दल माझ्या अनुभवापेक्षा भक्कम असं काही फिनलंडमध्ये सापडलं आहे. हेलसिंकीत निराशा किंवा चिंतेचा आजार असलेल्या 326 जणांना वेगवेगळ्या उपचारांत वाटून वर्षानुवर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. काहींना ही उत्तराकडे बघणारी रीत, जास्तीत जास्त बारा भेटी, आठ महिन्यांच्या आत. काहींना तीन वर्षांपर्यंत चालणारी, मनाच्या तळाशी जाणारी दीर्घ उपचारपद्धती. 2008 मध्ये त्याचे निष्कर्ष आले. पहिल्या वर्षात थोडक्यातले उपचार पुढे होते, माणसं लवकर सावरली. तीन वर्षं पुरी झाली तेव्हा दीर्घ उपचार पुढे गेले होते. मला हे वाचून दिलासा मिळाला आणि भीतीही वाटली. दिलासा आबांसाठी. भीती त्यांच्यासाठी, ज्यांची सातव्या आठवड्यातली बरी अवस्था बघून मी निरोप दिला, आणि ज्यांना खरं तर तीन वर्षं लागणार होती. ज्या माणसाचं दुखणं एका घटनेचं नसून लहानपणापासूनच्या वळणाचं असतं, जो प्रत्येक नात्यात त्याच जागी येऊन पडतो, त्याला मी आता पहिल्याच भेटीत सांगते की याला वेळ लागेल, आणि तो वेळ कुठं मिळेल ते आपण शोधू. गाडीचं वेळापत्रक माझं आहे, म्हणून त्याचं दुखणं आखूड होत नाही.

आणि एक बाई आहेत, ज्यांच्याबद्दल लिहायला मी हा सगळा वेळ लावला.

त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा गाडीवरून पडून गेला. महिना-सव्वा महिना झाला असेल. मी या पद्धतीचं शिक्षण नुकतंच पुरं केलं होतं आणि प्रत्येक कुलपाला माझी चावी लावून बघत होते. मी त्यांना म्हशीची धार, वैरण, जेवण, रात्र, सगळं सावकाश, शिकवलं होतं तसं थांबत थांबत सांगितलं. आणि विचारलं, सकाळी पहिल्यांदा कशावरून कळेल?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो दारात चप्पल काढंल," त्या म्हणाल्या. "कायम उलटीच काढायचा."

माझ्याकडे "त्याऐवजी" नव्हतं. जिथं हवं असलेलं एकच आहे आणि ते कधीच मिळणार नाही, तिथं उद्याची सकाळ विचारणं म्हणजे ती जखम स्वतःच्या हातानं उघडणं. मी तेच केलं होतं. मी माफी मागितली. त्यांना माफी कशाची ते कळलं नाही, पण त्या उठून गेल्या नाहीत. मग मी फक्त एवढं विचारलं की आज इथपर्यंत कशा आलात, कुणी सोबत होतं का. त्या म्हणाल्या, धाकट्या जाऊबाईंनी लुगडं हातात दिलं आणि म्हणाल्या, चला. तेवढ्यावर आम्ही तो तास बोललो: जाऊबाईंबद्दल, आणि चपलेबद्दल.

त्या चौदा महिने येत राहिल्या. दर बुधवारी नाही, जमेल तसं. आकडा मी कधीच विचारला नाही. शेवटी शेवटी एकदा त्या खोलीत आल्या, दाराशी थांबल्या, आणि माझ्या सात वर्षांच्या मुलीनं शाळेतून येऊन भिरकावलेली चप्पल वाकून सरळ केली. मग खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, आज गाडीला गर्दी नव्हती.